लॉगच्या फोटोतून अडलेली रिक्वेस्ट कशी शोधावी

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संकेतस्थळ किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम अडला की आपण सर्व्हरच्या लॉगचा मोबाईलवर फोटो काढून आमच्याकडे पाठवता. या फोटोत बहुधा वीस-पंचवीस ओळी असतात, त्यांतल्या एखाद-दोनच कामाच्या असतात, आणि त्या कोणत्या हे आपल्याला ओळखता आले तर फोनवरचे निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. त्यासाठी एका ग्राहकाने पाठवलेले दोन फोटो आम्ही येथे ओळीओळीने वाचून दाखवत आहोत. या ग्राहकाचा धान्याचा घाऊक व्यापार असून त्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालतो. तक्रार एवढीच होती की, “सकाळी पावणेबाराच्या सुमारास वर्षाची खतावणी उघडेना.” ओळखीच्या खुणा बदलून आणि उजवीकडचा कापला गेलेला भाग सोडून पहिल्या फोटोतील चार ओळी अशा होत्या:

```
203.0.113.24 - - [02/Jun/2025:06:11:48 +0000] "GET /khatavani?from=2025-03-01&to=2025-03-31 HTTP/1.1" 200 18342
203.0.113.24 - - [02/Jun/2025:06:11:49 +0000] "GET /favicon.ico HTTP/1.1" 404 153
203.0.113.24 - - [02/Jun/2025:06:12:52 +0000] "GET /khatavani?from=2024-04-01&to=2025-03-31 HTTP/1.1" 499 0
203.0.113.24 - - [02/Jun/2025:06:13:52 +0000] "GET /khatavani?from=2024-04-01&to=2025-03-31 HTTP/1.1" 504 167
```

पडद्यावर लांब ओळ मोडून दोन-तीन ओळींत पसरते, त्यामुळे आधी खरी ओळ कोठे सुरू होते ते पाहावे. प्रत्येक नोंद मागणी करणाऱ्या संगणकाच्या पत्त्याने सुरू होते. त्यानंतर चौकटी कंसात वेळ, अवतरणचिन्हांत मागितलेले पान आणि शेवटी दोन आकडे येतात. त्यांतला पहिला आकडा उत्तराचा कोड असतो आणि दुसरा पाठवलेल्या मजकुराचा बाइटमधील आकार.

वेळ जुळवणे

ग्राहकाने पावणेबारा सांगितले आणि लॉगमध्ये सहा वाजून तेरा मिनिटे दिसतात, म्हणून “या वेळचे काहीच लॉगमध्ये नाही” असे वाटून पुष्कळ जण भलताच भाग फोटोत घेतात. वेळेपुढचे `+0000` सांगते की हा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. त्यात साडेपाच तास मिळवले की 06:13:52 म्हणजे आपले ११ वाजून ४३ मिनिटे ५२ सेकंद होतात आणि तक्रार जुळते. तेथे `+0530` असेल तर काहीही मिळवायचे नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते, पण या प्रकरणाची किल्ली तीच आहे. आम्ही वापरतो तो nginx हा सर्व्हर लॉगमधील ओळ रिक्वेस्ट आल्यावर लिहीत नाही, ती संपल्यावर लिहितो. त्यामुळे शेवटच्या ओळीतली वेळ बटण दाबल्याची नसून सर्व्हरने हात टेकल्याची आहे.

अडलेली ओळ कोणती

कोड 2 किंवा 3 या अंकाने सुरू होत असेल तर त्या रिक्वेस्टची काळजी सहसा नसते. 4 ने सुरू होणारे कोड बहुधा मागणाऱ्याच्या बाजूचे असतात आणि 5 ने सुरू होणारे सर्व्हरच्या बाजूचे. दुसऱ्या ओळीतील `404` पाहून अनेक ग्राहक घाबरून तिच्याभोवतीच लाल वर्तुळ काढतात. ती ओळ ब्राउझरच्या टॅबवर दिसणाऱ्या छोट्या चित्राची आहे. ते चित्र सर्व्हरवर ठेवलेलेच नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही.

खरी अडलेली रिक्वेस्ट चौथ्या ओळीत आहे. `504` याचा अर्थ असा की दाराशी असलेल्या nginx ने मागणी आत PHP कडे, म्हणजे हिशेबाचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या भागाकडे दिली, पण ठरलेल्या मुदतीत आतून उत्तर आले नाही. ही मुदत कोणी बदलली नसेल तर ६० सेकंदांची असते. आता तिसरी ओळ पाहा. `499` हा nginx चा स्वतःचा कोड असून, उत्तर येण्याआधीच समोरच्याने जोडणी तोडल्याची ती नोंद आहे, आणि काहीच पाठवले गेले नसल्यामुळे आकार शून्य आहे. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत पान तेच, तारखाही त्याच आणि अंतर बरोबर ६० सेकंदांचे. म्हणजे 06:12:52 ला कंटाळून रीफ्रेश केले गेले, त्याच क्षणी दुसरी रिक्वेस्ट सुरू झाली आणि मुदत संपताच तीही पडली. ग्राहकाला हे विचारल्यावर त्यांच्या मुनीमजींनी हसत कबूल केले की एकदा नव्हे, मनातून दहा वेळा दाबले होते. लॉगमध्ये मात्र एकदाच उतरले.

फोटो अस्पष्ट असेल तर `504` आणि `304` यांत गल्लत होते. अशा वेळी शेजारचा आकार कामी येतो. 304 या उत्तरासोबत मजकूर जातच नाही, त्यामुळे तेथे शून्य असते. येथील 167 हा आकार nginx च्या स्वतःच्या छोट्या त्रुटीपानाएवढा आहे, तेव्हा पहिला अंक 5 च असला पाहिजे.

कारणाकडे

पहिली ओळ यशस्वी आहे, म्हणून ती कोणी वर्तुळात घेत नाही. आमच्या मते मात्र चौघींत सर्वांत बोलकी तीच आहे. पान तेच, फक्त कालावधी एका महिन्याचा, आणि उत्तर `200`. यावरून लॉगिन, पान आणि डेटाबेस जागेवर असल्याचे एका फटक्यात सिद्ध होते. जे बिघडले ते कालावधी वाढल्यामुळे बिघडले.

दुसरा फोटो `error.log` या फाइलचा होता. तिच्यातील नोंदीत वेळेपुढे `+0000` सारखी खूण लिहिलेली नसते, पण सर्व्हर तोच असल्यामुळे येथेही साडेपाच तास मिळवायचे असतात.

```
2025/06/02 06:13:52 [error] 812#812: *4471 upstream timed out (110: Connection timed out) while reading response header from upstream, client: 203.0.113.24
```

या ओळीत कंसातील आकडा आणि `while` च्या पुढचे शब्द वाचावेत. `110` आणि `reading response header` म्हणजे आतल्या PHP शी जोडणी झाली, मागणी पोहोचली, पण उत्तराचा पहिला शब्दही आला नाही. त्याऐवजी `111: Connection refused` आणि `while connecting to upstream` दिसले असते तर PHP बंदच पडलेले आहे असे आम्ही समजलो असतो, आणि वरच्या लॉगमध्ये बहुधा `502` दिसला असता. `upstream prematurely closed connection` असेल तर PHP ने काम अर्धवट टाकून मान टाकलेली असते, आणि अशा वेळी आम्ही प्रथम मेमरी तपासतो. हे तीन प्रकार ग्राहकाला पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात, पण त्यांचे उपाय निरनिराळे आहेत, म्हणून त्रुटीपानाच्या फोटोपेक्षा ही एक ओळ आम्हाला अधिक उपयोगी पडते.

फोटोंवरून एवढे कळले की काम सुरू होते, ते मोठ्या कालावधीलाच लांबते आणि एका मिनिटात आटोपत नाही. ते नेमके का लांबते हे फोटोत नसते. त्यासाठी प्रोग्रॅम उघडावा लागतो. तो उघडल्यावर दिसले की खतावणीत प्रत्येक नोंदीपुढे शिल्लक दाखवण्यासाठी प्रोग्रॅम निवडलेल्या कालावधीच्या पहिल्या नोंदीपासून तिथपर्यंतची सगळी बेरीज डेटाबेसकडून दर वेळी नव्याने करून घेत होता. महिन्याला सुमारे ९०० नोंदी धरल्या तर हा उद्योग चार लाख आकड्यांच्या बेरजेचा होतो आणि साधारण एका सेकंदात उरकतो. वर्षाच्या नोंदी बारा पट होतात, पण प्रत्येक नोंदीमागची बेरीजही तितकीच लांबते, म्हणून काम बारा पट न वाढता १४४ पट वाढते. एका सेकंदाचे जवळजवळ अडीच मिनिटे झाले आणि ६० सेकंदांची मुदत मध्येच संपली.

डेटाबेसच्या मंद प्रश्नांच्या नोंदवहीत मात्र काहीच सापडले नाही, कारण तिची नेहमीची मर्यादा १० सेकंदांची असते आणि येथे प्रत्येक प्रश्न क्षणार्धात संपणारा होता. त्यांची संख्याच फार होती. PHP ची ३० सेकंदांची मर्यादाही आड आली नाही, कारण लिनक्सवर डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ ती मोजत नाही.

nginx ची मुदत ६० वरून ३०० सेकंद करा, असा सल्ला ग्राहकांना इतरांकडून मिळतो. तसे केले असते तर त्या दिवशी खतावणी उघडली असती, पण नोंदी दीडपट झाल्या की पुन्हा पाच मिनिटांच्या पलीकडे गेली असती. आम्ही मुदत तशीच ठेवली आणि मागच्या शिलकेत पुढची नोंद मिळवत एकाच फेरीत खतावणी तयार होईल असा बदल केला, जसे मुनीमजी वहीत करतात. वर्षाची खतावणी आता दोन सेकंदांच्या आत येते.

रीफ्रेशविषयी

ब्राउझरने जोडणी तोडली तरी आत सुरू झालेली बेरीज थांबत नाही. पहिली रिक्वेस्ट `499` होऊनही PHP तिचे काम करतच राहते. त्यातच, एका लॉगिनची एक रिक्वेस्ट चालू असेपर्यंत PHP त्याच लॉगिनच्या पुढच्या रिक्वेस्टला सहसा ताटकळत ठेवते. त्यामुळे रीफ्रेश केलेले पान आधीच्या पानामागे रांगेत उभे राहते, आणि त्याच ब्राउझरमध्ये उघडलेले साधे पानही अडते. शेजारच्या संगणकावर दुसऱ्या लॉगिनने प्रोग्रॅम सुरळीत चालत असेल, तर ही रांग लागली आहे असे समजावे आणि दोन-तीन मिनिटे काही न दाबता थांबावे. हे निरीक्षण फोटोसोबत एका वाक्यात लिहून कळवल्यास आम्हाला मोठी मदत होते.

फोटो पाठवताना

अडलेल्या ओळीच्या वरच्या किमान दहा ओळी फोटोत याव्यात, कारण वरच्या प्रकरणात उत्तर तेथेच होते. ओळीचा उजवा शेवट कापू नये. पडदा मावत नसेल तर अक्षरे बारीक करण्याऐवजी दोन फोटो काढावेत आणि दोन्हींत एखादी ओळ सामाईक ठेवावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास तो दाबला जाऊन 6 आणि 8 सारखेच दिसू लागतात, तेव्हा तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मजकूर कॉपी करता येत असेल तर तो फोटोपेक्षा केव्हाही चांगला.

पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरच्या भागात कधी कधी ग्राहकांचे मोबाईल क्रमांक किंवा `token=` च्या पुढे लांबलचक अक्षरमाला असते. ती अक्षरमाला पासवर्डइतकीच नाजूक समजून झाकावी. तारखा, पानाचे नाव, कोड आणि वेळ मात्र झाकू नयेत.