अधांतरी पाणी आणि त्याखालच्या मातीवरचा ताण

जमिनीत बोअर घेताना २ मीटरवर पाणी लागलं की वहीत ‘भूजल पातळी २ मीटर’ अशी नोंद होते आणि पुढचं सगळं गणित त्या एका आकड्यावर उभं राहतं. बऱ्याचदा ते बरोबरही येतं. पण वरच्या वाळूखाली चिकणमातीचा थर असेल, तर पावसाचं पाणी त्या थरावर अडून साचलेलं असू शकतं, आणि खरी भूजल पातळी त्याच्या कितीतरी खाली असते. मधे कोरडी म्हणावी अशी माती. या अधांतरी पाण्याला इंजिनिअर ‘पर्च्ड वॉटर टेबल’ म्हणतात. अशा जागी ताण काढताना एकच चूक पुन्हा पुन्हा होते, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

वरून खाली थर असे आहेत. पहिले ४ मीटर वाळू. त्यात वरचे २ मीटर ओलसर आणि खालचे २ मीटर पाण्याने पूर्ण भरलेले. मग ४ ते ६ मीटर चिकणमाती. ६ मीटरच्या खाली पुन्हा वाळू, पण ती ९ मीटरपर्यंत नुसती ओलसर आहे. खरी भूजल पातळी ९ मीटरवर. आपल्याला १२ मीटरपर्यंतचे आकडे हवेत. वजन घनमीटरमागे असं धरू: ओलसर वाळू १७ किलोन्यूटन, पाणी भरलेली वाळू २०, चिकणमाती १८ आणि नुसतं पाणी ९.८१.

एकूण ताण म्हणजे त्या खोलीच्या वर जे काही आहे, माती आणि पाणी दोन्ही, त्याचं चौरस मीटरमागे वजन. इथे डोकं फारसं चालवावं लागत नाही. प्रत्येक थराची जाडी गुणिले त्याचं घनमीटरमागचं वजन, आणि वरून खाली बेरीज करत जायचं. २ मीटरवर ३४ किलोपास्कल, ४ मीटरवर त्यात ४० मिळवून ७४, ६ मीटरवर ११०, ९ मीटरवर १६१ आणि १२ मीटरवर २२१. पाणी अधांतरी असो की नसो, त्याचं वजन खालच्या थरांवर येतंच. एवढी काळजी घ्या की वाळूच्या थराला पाण्याच्या पातळीवर दोन भागांत तोडायचं, कारण त्या रेषेच्या वर आणि खाली तिचं वजन वेगळं आहे.

खरी मेख छिद्रदाबात आहे, म्हणजे मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या दाबात. २ मीटरवर तो शून्य. तिथून खाली ४ मीटरपर्यंत पाण्याचा दोन मीटरचा स्तंभ आहे, म्हणून चिकणमातीच्या माथ्यावर २ × ९.८१, म्हणजे १९.६ किलोपास्कल. इथवर कुणाचं चुकत नाही. चुकतं ते पुढे: हाच स्तंभ तसाच खाली ओढला जातो आणि ६ मीटरवर ३९.२, १२ मीटरवर तर ९८.१ धरले जातात.

असं का चालत नाही? चिकणमातीच्या तळाला टेकलेल्या वाळूची छिद्रं पूर्ण भरलेली नाहीत, त्यांत हवा आहे, आणि ती हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली आहे. तिथे पाण्याला दाब धरून ठेवायला काही आधारच नाही. म्हणून ६ मीटरवर छिद्रदाब शून्य धरायचा. (खरं तर ओलसर वाळूत तो शून्याच्याही किंचित खाली असतो, कारण केशाकर्षणाने पाणी कणांना घट्ट चिकटून असतं. पण हा फायदा हिशोबात सहसा धरत नाहीत.) वर १९.६ आणि खाली शून्य, मग मधल्या एकसारख्या चिकणमातीत दाब सरळ रेषेत उतरत जातो. थराच्या मध्यावर, ५ मीटरला, तो ९.८ असतो. खोली वाढते आहे आणि दाब घटतो आहे, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खटकतं. पण पाणी चिकणमातीतून खाली झिरपतंय आणि वाटेत घर्षणात त्याचा दाब खर्च होतोय, एवढंच त्याचं कारण.

झिरपतं किती? दोन मीटर उंचीचा थर आणि वर दोन मीटर पाणी, म्हणजे एकूण ४ मीटरचा उतार २ मीटर जाडीत. या भागाकाराला जलप्रवण म्हणतात, इथे तो २. चिकणमातीची पारगम्यता, म्हणजे तिच्यातून पाणी किती सहज जातं याचं माप, सेकंदाला १०⁻⁹ मीटर धरली तर वर्षाला साधारण ६३ मिलिमीटर पाणी खाली जातं. खालची वाळू एवढं पाणी सहज पुढे सोडते, म्हणून ती भरत नाही. आणि वरून पाऊस तेवढी भर घालत राहिला की अधांतरी पाणी टिकतं.

९ मीटरवर छिद्रदाब पुन्हा शून्य, आणि तिथून खाली नव्याने मोजायचं: १२ मीटरवर ३ × ९.८१ = २९.४.

आता प्रभावी ताण, म्हणजे कणांनी एकमेकांवर प्रत्यक्ष पेललेला भार. कार्ल टेरझागी यांनी १९२०च्या दशकात मांडलेलं सूत्र साधं आहे, त्यात σ′ प्रभावी ताण, σ एकूण ताण आणि u छिद्रदाब:

```
σ′ = σ − u
```

| खोली (मी.) | एकूण ताण | छिद्रदाब | प्रभावी ताण |
|---|---|---|---|
| २ | ३४ | ० | ३४ |
| ४ | ७४ | १९.६ | ५४.४ |
| ६ | ११० | ० | ११० |
| ९ | १६१ | ० | १६१ |
| १२ | २२१ | २९.४ | १९१.६ |

(सर्व आकडे किलोपास्कलमध्ये.)

चिकणमातीच्या दोन मीटरांत प्रभावी ताण ५४.४ वरून ११० वर गेला, म्हणजे ५५.६ ने वाढला. याची पडताळणी दुसऱ्या वाटेनेही होते. पाण्यात बुडालेल्या चिकणमातीचं वजन (१८ − ९.८१) × २ = १६.४, आणि झिरपणारं पाणी कणांना खाली ढकलतं तो जोर २ × ९.८१ × २ = ३९.२. बेरीज ५५.६. अधांतरी पाण्याचा दाब खाली पोचत नाही, पण त्याचं वजन पोचतं, आणि ६ मीटरवर ते सगळं कणांच्याच डोक्यावर येतं.

चुकीच्या पद्धतीने १२ मीटरवर प्रभावी ताण १२२.९ आला असता, खऱ्या १९१.६ ऐवजी. वाळूची ताकद या आकड्यावर ठरते, त्यामुळे ती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी दिसली असती. कुणी म्हणेल, चूक सुरक्षित बाजूची आहे. दर वेळी तसं नसतं. चिकणमाती पूर्वी किती दाबली गेली होती याची तुलना आजच्या प्रभावी ताणाशी करतात. आजचा आकडाच कमी धरला तर माती आहे त्यापेक्षा टणक वाटते, आणि इमारत किती खचेल याचा अंदाज कमी येतो.

जागेवर हे ओळखायची खूण बोअरमध्येच मिळते: बोअर चिकणमाती फोडून खाली गेला की आतलं पाणी अचानक उतरतं. मात्र सगळ्या थरांना उघडी असलेली एकच नळी ठेवली, तर तिच्यातली पातळी वरच्या पाण्याचीही नसते आणि खालच्याचीही. म्हणून प्रत्येक थरात वेगळा पिझोमीटर, म्हणजे फक्त टोकाशी पाणी आत घेणारी दाब मोजायची नळी, बसवायचा आणि त्याच्या टोकाच्या वरची पोकळी बेंटोनाइटने, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने, बंद करायची. आपल्या उदाहरणात ३.५ मीटरवरच्या टोकात दीड मीटर पाणी चढेल, ७.५ मीटरवरचं कोरडं राहील आणि ११ मीटरवरच्यात पाणी ९ मीटरच्या खुणेपर्यंत येऊन थांबेल. बेंटोनाइटची बूच नीट बसली नाही, तर वरचं पाणी नळीच्या कडेने ओघळतं आणि मधला पिझोमीटर खोटं पाणी दाखवतो.

तसाच बूच न लावता सोडलेला बोअर वरचं पाणी हळूहळू खाली वाहून नेतो. ते पूर्ण निचरलं आणि भरलेल्या वाळूचं वजन २० वरून १८ वर आलं असं धरा. चिकणमातीच्या माथ्यावर प्रभावी ताण ५४.४ वरून ७० होतो, मध्यावर ८२.२ वरून ८८, आणि तळाशी मात्र ११० वरून १०६, म्हणजे उलट कमी. एकाच थराचा वरचा भाग दाबला जातो आणि तळ किंचित सैल पडतो.