रक्तातली कुस्ती, पायातलं धावणं

कोल्हापुरात कुस्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कुस्ती आमच्या रक्तातच आहे." खासबाग मैदान, गंगावेश आणि मोतीबाग तालीम, 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेलं कांस्यपदक, एवढं सगळं समोर असताना ते खरंही वाटतं. पण त्यानंतरचा हिशेब पाहा. भारताला कुस्तीतलं पुढचं ऑलिंपिक पदक मिळालं ते थेट 2008 साली, आणि तिथून 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत कुस्तीत पदक मिळवणारे सगळे हरियाणा-दिल्लीकडचे. मधल्या छप्पन्न वर्षांत कोल्हापूरचं रक्त पातळ झालं आणि हरियाणाचं घट्ट झालं, असं कुणी म्हणणार नाही. दोन-तीन पिढ्यांत एखाद्या समाजाची जनुकं इतकी बदलत नाहीत.

बदलला तो खेळ. आपल्या हौद्यात ताक, तेल, लिंबू, हळद आणि काव घालून मळलेली तांबडी माती असते. तिच्यात पाय किंचित रुततो, त्यामुळे झेप मंदावते. कुस्ती निकाली, म्हणजे चितपट होईपर्यंत. तिथे दम राखणं, पकड टिकवणं आणि समोरच्याला थकवणं याला किंमत. ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर होते. तिथे तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, प्रतिस्पर्ध्याला खाली आणलं की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की एक. तिथे पहिल्या क्षणाला पायावर झडप घालणारा जिंकतो. दहा वर्षं हौद्यात घाम गाळलेल्या मल्लाची उभं राहायची ढब आणि श्वासाचं गणित दुसऱ्याच खेळासाठी बसलेलं असतं. मॅट लहानपणापासून पायाखाली असलेली मुलं ज्या भागात जास्त, पदकं तिकडे गेली.

"अमक्या लोकांना जन्मतःच जमतं" हा दावा जगभर सगळ्यात जास्त केला जातो तो केनियाच्या कालेंजिन समाजाबद्दल. तो नीट तपासण्यासारखा आहे, कारण त्यामागची वस्तुस्थिती खरोखर चकित करणारी आहे. कालेंजिन म्हणजे केनियाच्या लोकसंख्येचा साधारण आठवा हिस्सा. तरी लांब पल्ल्याच्या शर्यतींतले केनियाचे बहुतेक मोठे विजेते याच समाजातले, आणि त्यातले कितीतरी एल्डोरेट-इटेन या छोट्याशा टापूतले.

शरीराचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो पोकळ नाही. कालेंजिन धावपटूंच्या पोटऱ्या बारीक आणि हलक्या असतात, हे मोजून पाहिलेलं आहे. धावताना पाय लंबकासारखा मागेपुढे होतो, म्हणून घोट्याजवळचं वजन कमरेवरच्या वजनापेक्षा महाग पडतं. प्रत्येक बुटाचं वजन 100 ग्रॅमनं वाढवलं तर धावण्याचा ऊर्जाखर्च सुमारे एक टक्क्यानं वाढतो. त्यामुळे हलकी पोटरी हा फायदा आहेच. पण बारीक पोटऱ्या जगात पुष्कळ लोकांच्या असतात. शिवाय सराव न करणाऱ्या कालेंजिन मुलांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मोजली तेव्हा ती इतर देशांतल्या सराव न करणाऱ्या मुलांसारखीच निघाली. जन्मतःच वेगळं इंजिन बसवलेलं असतं, तर ते इथे दिसायला हवं होतं.

आता परिसर पाहा. इटेन समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईचं शिखरसुद्धा 1646 मीटरवर थांबतं. इटेनला हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम तीन-चतुर्थांश. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो, तेव्हा मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. मग लेहचे लोक मॅरेथॉन का जिंकत नाहीत? लेह 3500 मीटरवर आहे. तिथे रक्त सुधारतं, पण हवा इतकी विरळ की जोराचा सराव पुरेशा वेगानं करताच येत नाही. 2000 ते 2500 मीटरचा पट्टा रक्तासाठी पुरेसा उंच आणि पायांसाठी पुरेसा खाली आहे. त्यात इटेन विषुववृत्ताजवळ असल्यानं कडक हिवाळा नाही. मातीच्या रस्त्यांवर बारा महिने धावता येतं.

तरीही नुसती उंची कुणाला विजेता करत नाही. इटेनच्या मुलाचा आठवडा बघा. सकाळी सहाला पहिली धाव, दहाच्या सुमारास दुसरी, दुपारनंतर हलकी तिसरी. मंगळवारी ट्रॅकवर ठरावीक अंतरं वेगात. गुरुवारी एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, असं तासभर. शनिवारी 30 ते 40 किलोमीटरची लांब धाव. वरच्या पातळीवर आठवड्याची बेरीज 160 ते 200 किलोमीटर होते. ही धाव जथ्यानं होते. सुरुवातीला कुणीही सामील होतं. मागे पडेल तो गळतो, टिकेल तो पुढच्या आठवड्यात परत येतो. चाळणी रोज चालू असते आणि तिच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. किपचोगे केइनो यांनी 1968 साली मेक्सिको सिटीत 1500 मीटरचं सुवर्ण जिंकलं. तेव्हापासून या भागातल्या पोरासमोर आपल्यातलाच एक जिंकलेला माणूस उभा आहे. पुढे इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत 1976 साली आलेले आयरिश शिक्षक कॉल्म ओकॉनेल यांनी शाळकरी मुलांना पद्धतशीर शिकवायला घेतलं. परदेशातल्या एका रस्ता-शर्यतीच्या बक्षिसात इथे जमीन घेता येते. शेतावर भागत नसलेल्या घरासाठी धावणं हा छंद उरत नाही, तो रोजगार होतो.

मग जनुकांचं काय? "वेगाचं जनुक" म्हणून सर्वांत गाजलेलं जनुक आहे एसीटीएन-3. झटकन आकुंचन पावणाऱ्या स्नायूतंतूंमधलं एक प्रथिन ते बनवतं. काहींच्या दोन्ही प्रती निकामी असतात आणि त्यांच्यात ते प्रथिन तयारच होत नाही. अव्वल दर्जाच्या स्प्रिंटरांमध्ये अशी माणसं विरळ सापडतात, एवढं खरं. जमैकाचे स्प्रिंटर तपासले तेव्हा त्यांच्यातही चालू प्रत जवळजवळ सगळ्यांकडे होती. पण मग जमैकाचे सर्वसाधारण लोक तपासले, तर त्यांच्यातही तेच प्रमाण. आणि केनियात? तिथेही चालू प्रत जवळजवळ सगळ्यांकडे आहे, पण केनिया प्रसिद्ध आहे लांब पल्ल्यासाठी. एकच जनुक एका देशात स्प्रिंटचं कारण आणि दुसऱ्या देशात मॅरेथॉनचं, हे कसं जमणार?

आपल्याकडे पालकांना याच जनुकाची चाचणी विकली जाते, म्हणून थोडं थांबून सांगतो. आशियाई लोकांत दोन्ही प्रती निकामी असणारे साधारण चारात एक. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात तीसेकांचा अहवाल "वेगाचं जनुक आहे" असाच येणार. त्या तिसांतला कोण धावेल, हे तो अहवाल सांगू शकत नाही.

इथे एक गैरसमज होतो: याचा अर्थ जनुकं बिनकामाची, असा नाही. एकाच गावातल्या दोन मुलांना तोच सराव दिला तर एकाचा दम खूप वाढतो, दुसऱ्याचा थोडा, आणि या फरकात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. चूक होते ती पुढच्या उडीत. भाताच्या बियाणाचं एकच मिश्र पोतं घ्या. अर्धं पंचगंगेकाठच्या गाळाच्या शेतात पेरा, अर्धं पठारावरच्या मुरमाड जमिनीत. प्रत्येक शेतात काही रोपं उंच, काही बुटकी दिसतील, आणि शेताच्या आतला तो फरक बियाण्याचा असेल. पण दोन शेतांच्या सरासरीत जो फरक पडला तो सगळा मातीचा आणि पाण्याचा. शेताच्या आत आनुवंशिकता कितीही जास्त असली, तरी तिच्यावरून दोन शेतांमधल्या फरकाचं कारण काढता येत नाही. दोन समाजांची तुलना करताना नेमकी हीच चूक केली जाते.

राहिला निवडीचा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते याच्याकडे. समजा दोन समाजांतली मुलं धावण्यात अगदी सारखी आहेत: 1600 मीटरला सरासरी आठ मिनिटं, आणि मुलं सरासरीच्या मागेपुढे किती पसरली आहेत याचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, 40 सेकंद. पहिल्या समाजातली 100 मुलं मैदानावर आली, दुसऱ्यातली 10,000. शंभरांतला पहिला सरासरीपेक्षा साधारण अडीच विचलनं पुढे असतो, म्हणजे 6 मिनिटं 20 सेकंद. दहा हजारांतला पहिला जवळपास 3.85 विचलनं पुढे, म्हणजे 5 मिनिटं 26 सेकंद. चोपन्न सेकंदांचा फरक पडला, आणि सरासरी माणूस दोन्हीकडे तोच! आपण पाहतो ते पहिल्या क्रमांकाचं पोरगं. त्याच्यामागे किती जण रांगेत होते ते टीव्हीवर दिसत नाही.

तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य. तिघंही कोल्हापूर जिल्ह्यातले. तीस वर्षांपूर्वी नेमबाजी कोल्हापूरच्या रक्तात आहे असं कुणीच म्हणत नव्हतं. स्वप्नील यांची निवड 2009 साली राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली आणि मग रायफल, रेंज, मार्गदर्शक हे सगळं रोज हाताशी आलं.

अशा निवडीतच घोटाळाही होतो. तेरा वर्षांखालच्या गटाची तारीख 1 जानेवारी धरली, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा असतो. त्यात वाढीचा झटका कुणाला अकराव्या वर्षी येतो, कुणाला पंधराव्या. लवकर वाढलेला मुलगा 30 मीटर धावण्यात आणि मेडिसिन बॉल फेकण्यात पुढे दिसतो आणि निवडला जातो. निवड झाली म्हणून त्याला खुराक, बूट आणि मार्गदर्शक मिळतो, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच पुढे असतो. मार्गदर्शकाच्या मनात "या समाजाची पोरं फेकीत चांगली, त्या समाजाची धावण्यात" असं आधीच पक्कं असेल, तर तो त्याच पोरांना तेच खेळ देतो आणि त्याचा अंदाज दरवर्षी खरा ठरत जातो.

हे कागदावर पकडता येतं. तालुक्याच्या निवड यादीतल्या मुलांचे जन्ममहिने मांडून पाहा. पहिल्या तिमाहीतली मुलं शेवटच्या तिमाहीतल्यांच्या दुपटीनं असतील तर निवड वयाची झाली आहे. मुलाची उभी आणि बसून अशी दोन्ही उंची दर तीन महिन्यांनी टिपली, तर वाढीचा झटका येऊन गेला की यायचा आहे हे कळतं. आणि वगळलेल्या मुलांना बारा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा द्यायला लावली, तर त्यातले किती जण निवडलेल्यांच्या आकड्याशी येऊन पोचतात, ते त्याच वहीत दिसतं.