परिचय कुणासाठी हवा आहे, ते आधी सांगा

परिचय लिहून घ्यायला येणारे बहुतेक जण दोनांपैकी एक वाक्य म्हणतात. "जरा भारदस्त लिहा," नाहीतर "फार जड नको, साधं लिहा." दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण त्यांतून आम्हाला हवी ती गोष्ट कळत नाही. भाषा भारदस्त ठेवायची की बोलायची, हे परिचय कुणाच्या हातात पडणार यावर ठरतं. सत्काराच्या पत्रिकेत छापायचा आहे, व्यासपीठावरून वाचायचा आहे, दवाखान्यात लावायचा आहे की व्हॉट्सॲपवर पाठवायचा आहे, हे पहिल्या दिवशी कळलं तर काम दोन प्रुफांत संपतं. तिसऱ्या प्रुफाला कळलं तर सगळं पुन्हा लिहावं लागतं. हे पत्रक त्यासाठी आहे.

एक काम उदाहरण म्हणून देतो. हाडांच्या एका डॉक्टरांचा परिचय आम्ही त्यांच्या सत्कारासाठी लिहिला होता. त्यातला एक तुकडा असा होता:

"डॉक्टर गेली बावीस वर्षे अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून कार्यरत असून सांधेरोपण शस्त्रक्रियेत त्यांनी विशेष प्रावीण्य मिळवले आहे. ग्रामीण भागातील रुग्णांसाठी त्यांनी विनामूल्य तपासणी शिबिरे आयोजित केली. त्यांचे वैद्यकीय लेखन विविध नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले आहे."

सत्काराला हे शोभलं. समोर त्यांचे सहकारी, शिक्षक आणि गावातली जाणती माणसं बसलेली. तिथे "हाडांचे डॉक्टर" म्हटलं असतं तर शाल-श्रीफळाच्या प्रसंगाला ते उणं वाटलं असतं. पुढे डॉक्टरांनी हाच मजकूर तपासणी शिबिराच्या पत्रकावर जसाच्या तसा छापला. पत्रकं वाटली गेली आणि दवाखान्यात फोन सुरू झाले. "आमच्या आईचा गुडघा दुखतो, तो तुमच्याकडे बघतात का?" पत्रकात सांधेरोपण होतं, अस्थिरोग होता, फक्त गुडघा कुठेच नव्हता.

मग शिबिरासाठी आम्ही वेगळा परिचय लिहिला:

"डॉक्टर गेली बावीस वर्षं हाडांचे आणि सांध्यांचे आजार बघतात. झिजलेला गुडघा किंवा खुबा बदलायची ऑपरेशनं ते स्वतः करतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते एका गावात जाऊन मोफत तपासणी करतात. येताना जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणा."

दोन्ही तुकडे शेजारी ठेवून वाचा. नुसते शब्द बदललेले नाहीत. लेखनाचा उल्लेख गेला, कारण गुडघा धरून आलेल्या माणसाला त्याचं काही नाही. एक्स-रेचं वाक्य आलं, कारण त्याला तेच हवं आहे. आणि "शिबिरे आयोजित केली" या तीन शब्दांच्या जागी "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी" लिहायचं तर आम्हाला डॉक्टरांना फोन करून विचारावं लागलं. औपचारिक मराठीत "विविध", "विशेष", "अनेक" असे शब्द खपून जातात. बोलीभाषेतला वाचक लगेच विचारतो, किती, कुठे, कधी? म्हणून साधा परिचय लिहायला कमी वेळ लागतो हा समज खरा नाही. आमचा अनुभव उलटा आहे. साध्या परिचयासाठी आम्ही तुम्हाला जास्त फोन करतो, त्याचा राग मानू नका.

आता सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक. प्रूफ मंजूर होतं, पानं लागतात, आणि आदल्या रात्री निरोप येतो, "जरा सोपं करून टाका, फक्त केले-गेले चं केलं-गेलं करायचं." हे ऐकायला पाच मिनिटांचं काम वाटतं. काही जण संगणकावर "शोधा आणि बदला" वापरून ते स्वतःच करून पाठवतात, आणि घोळ तिथे होतो.

"त्यांनी शिक्षण घेतले" याचं "घेतलं" होतं, कारण शिक्षण नपुंसकलिंगी आणि एकवचनी. पण "त्यांनी उपचार केले" यातलं "केले" बोलतानाही "केले"च राहतं, कारण इथे उपचार पुल्लिंगी आणि अनेकवचनी आहेत. "ते मिरजेत राहिले" हे आदरार्थी अनेकवचन, तेही हलत नाही. "त्यांचे लेखन" याचं "त्यांचं लेखन" होतं, पण "त्यांचे लेख" आणि "त्यांचे वडील" तसेच राहतात. "वर्षे" याचं "वर्षं" होतं आणि "शिबिरे" याचं "शिबिरं", पण "रस्ते" याचं "रस्तं" होत नाही. तुम्ही बोलताना हे कधीच चुकत नाही. संगणकाला मात्र लिंग आणि वचन कळत नाही. एका शिक्षकांच्या परिचयात असंच "त्यांनी अनेक प्रयोग केलं" झालं होतं. आमच्या मुद्रितशोधक ताईंनी ते छपाईला जाण्याआधी पकडलं. पकडलं नसतं तर मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या परिचयात ते छापलं गेलं असतं.

दुसरं असं की "केलं" आलं म्हणजे बाकीचं वाक्यही बोलकं व्हावं लागतं. "सदर कार्यात त्यांचा सिंहाचा वाटा असून त्यांना फिरायला आवडतं" असं वाक्य ना पत्रिकेत बसतं ना दवाखान्यात. तुमच्या हातातल्या परिचयात असं झालंय का, हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे फक्त वाक्यांचे शेवट वाचत जा. आहे, केले, झाले, मिळवले असं चाललंय आणि मध्येच "आवडतं", "सांगितलं" आलं, तर तिथे दोन हातांनी लिहिलं गेलंय. मग "असून", "तसेच", "येथे", "सदर" हे शब्द शोधा. बोलक्या परिचयात हे चार राहिले असतील तर तो अर्धाच बदललेला आहे.

व्यासपीठावरून वाचायचा परिचय ही तिसरी जात आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी जण आधी सांगतात. तिथे शब्द भारदस्त चालतात, वाक्यं लांब चालत नाहीत. "कार्यरत असून, प्रावीण्य मिळवले असून, सन्मानित करण्यात आले असून" अशी तीन "असून"ची साखळी डोळ्यांना जमते, पण निवेदकाचा श्वास दुसऱ्या "असून"ला संपतो. वाचायचा परिचय आम्ही मोठ्याने वाचून बघतो. शंभर-सव्वाशे शब्द साधारण मिनिटभरात होतात. पाहुण्यांच्या परिचयाला दोन मिनिटं पुष्कळ झाली. पूर्ण पानभर मजकूर दिलात तर निवेदक मधूनच गाळतो, आणि काय गाळायचं ते मग तो ठरवतो, तुम्ही नाही.

काही ग्राहक उलट टोकाला जातात आणि संस्कृत वाटणारा प्रत्येक शब्द काढायला सांगतात. त्याची गरज नाही. शिक्षण, अनुभव, उपचार, विद्यार्थी हे शब्द संस्कृतच आहेत, पण ते घराघरांतले झालेत. "महापौर" हा शब्द सावरकरांनी दिला, तेव्हा तो नवा होता. आज तो समजावून सांगावा लागत नाही. शब्दाचं कूळ बघू नका, तुमचा वाचक तो शब्द स्वतः बोलतो का ते बघा. दवाखान्यात येणारा माणूस "शस्त्रक्रिया" वाचतो आणि समजतो, पण घरी सांगताना "ऑपरेशन" म्हणतो. त्याच्यासाठी आम्ही "ऑपरेशन"च लिहितो. याच्यावरून कुणी नाराज झालं तरी आम्ही तिथे ठाम आहोत. पदनाम मात्र आम्ही बदलत नाही. निवृत्त गटविकास अधिकाऱ्यांच्या पत्रिकेत "गटविकास अधिकारी" हेच जातं. गावच्या कार्यक्रमात माणसं त्यांना "बीडीओ साहेब" म्हणतात हे खरं असलं तरी.

औपचारिक मजकूर घेणार असाल तर शुद्धलेखनाकडे दुप्पट लक्ष द्यावं लागतं, कारण जड शब्दातली चूक लांबून दिसते. "तज्ञ" असं लिहिलेले फलक तुम्ही रोज बघता. बरोबर शब्द "तज्ज्ञ" आहे. "कवी" दीर्घ, पण समासात "कविसंमेलन" ऱ्हस्व. "गुरू" दीर्घ, पण "गुरुवर्य" ऱ्हस्व. आमच्या दरात मुद्रितशोधन धरलेलं असतं. बाहेरून तयार मजकूर आणलात तरी छपाईआधी तो एकदा ताईंच्या हाताखालून जातो, आणि त्यासाठी एक दिवस जास्त लागतो.

आता दराचं. प्रूफ मंजूर झाल्यावर भाषेचा बाज बदलायचा असेल तर आम्ही तो नवा परिचय धरतो आणि तसेच पैसे घेतो. यावर काही जण नाराज होतात. वर सांगितलंच आहे की ते काम शब्द बदलण्याचं नसून पुन्हा लिहिण्याचं असतं. पण सुरुवातीलाच दोन्ही मागितलेत, म्हणजे पत्रिकेसाठी औपचारिक आणि व्हॉट्सॲपसाठी किंवा फलकासाठी बोलका, तर दुसरा अर्ध्या दरात देतो, कारण माहिती एकदाच गोळा करावी लागते. डॉक्टर, वकील, शिक्षक आणि निवडणुकीला उभे राहणारे यांना बहुतेक वेळा दोन्ही लागतात. परदेशातल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी हवा असेल तर तेही सांगा. तिथे वाढलेली मुलं मराठी बोलतात पण जोडाक्षरं सावकाश वाचतात, त्यांच्यासाठी वाक्यं आखूड ठेवावी लागतात.

आमच्याकडे येताना इतकंच लिहून आणा: परिचय कुठे दिसणार किंवा ऐकू येणार, समोरची माणसं कोण, आणि तो वाचून त्यांनी काय करावं असं तुम्हाला वाटतं. जुना परिचय असेल तर तोही आणा. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर बोलून आवाजी निरोप पाठवा. बोलक्या परिचयासाठी आम्हाला तेच जास्त उपयोगी पडतं, कारण तुम्ही स्वतःच्या कामाला घरी काय म्हणता ते त्यात आयतं मिळतं.