बायकोच्या नावावरची एफडी: कर वाचवणं, टाळणं आणि चुकवणं यामागचा इतिहास

मार्च आला की माझ्याकडे रिटर्नसाठी येणाऱ्यांपैकी निदान दोघं-तिघं तरी हे विचारतातच, की दहा लाख आहेत, बायकोच्या नावावर एफडी करतो, तिला काही इन्कम नाही, म्हणजे टॅक्स वाचला ना? हा प्रश्न आजचा नाही, नव्वद वर्षांपूर्वीही लोक हेच करत होते, आणि करनियोजन, कर टाळणं आणि करचुकवेगिरी यातला फरक कळायला मला तरी यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आपल्याकडे कर प्रत्येक माणसाच्या उत्पन्नावर लागतो, आख्ख्या घरावर नाही, आणि उत्पन्न वाढलं की दरही वाढतो. मग एकाच्या नावावर चार रुपये ठेवण्यापेक्षा चौघांच्या नावावर एकेक ठेवला की कर कमी, हे कुणालाही सुचेल. 1922 च्या आयकर कायद्यात याला अडवणारं काही नव्हतं. दुकान एकट्याचं, पण कागदावर बायको भागीदार, पाळण्यातलं पोरही नफ्यात वाटेकरी. 1936 च्या चौकशी अहवालाने हे नेमकं पकडलं आणि 1937 मध्ये कायद्यात भर पडली, की नवऱ्याने मोबदला न घेता बायकोला किंवा अज्ञान मुलाला मालमत्ता दिली तर तिचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजायचं. यालाच आज क्लबिंग म्हणतात.

आता बघा, 1937 च्या आधी असं करणारा माणूस खोटं बोलत नव्हता. भागीदारीचा कागद खरा, नफा वाटलेला खरा, फक्त कायद्याच्या शब्दात जे बसतं ते कायद्याच्या हेतूविरुद्ध वापरलेलं. हे झालं कर टाळणं. सरकारने भोक बुजवलं, की तीच गोष्ट केली तरी फायदा नाही. आणि त्यानंतरही तेच करून ते उत्पन्न रिटर्नमधून लपवलं, तर ती करचुकवेगिरी. एकच एफडी, पण कायद्याची रेघ सरकली की तिचं नाव बदलतं.

रेघ सरकली की लोक लगेच वळसा शोधतात. मद्रासच्या एका कुटुंबाचं प्रकरण 1963 मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं होतं. घर बायकांच्या नावावर घ्यायचं होतं, पण नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर क्लबिंग लागणार, म्हणून मुलाने आईला दिले आणि सासऱ्यांनी सुनेला. कागदावर कुणीच आपल्या बायकोला काही दिलं नाही! कोर्टाने ही सगळी साखळी एकत्र पाहिली आणि म्हटलं हे आडवळणाने बायकोलाच देणं आहे. पुढे 1 जून 1973 नंतर सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलेली मालमत्ताही थेट कायद्यातच आली.

लोक एवढी धडपड का करत होते तर दर तसे होते. 1973-74 मध्ये सर्वात वरच्या टप्प्यावर सरचार्जसकट 97.75 टक्के कर होता, म्हणजे वरच्या शंभरातले सव्वादोन रुपये हातात. सरकारने करांच्या चौकशीसाठी नेमलेल्या वांछू समितीने 1971 मध्येच सांगितलं होतं की इतके चढे दर हेच काळ्या पैशाचं मोठं कारण आहे, दर खाली आणा, आणि मग दर टप्प्याटप्प्याने उतरलेही. पण तोवर एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, हा दुसरा रस्ता जोरात चालू झाला होता, कारण कायद्यात एचयूएफ हा वेगळा करदाता. स्वतःची कमाई कुटुंबाच्या सामायिक पुंजीत टाकली की एक जास्तीचा करदाता तयार. 31 डिसेंबर 1969 नंतर अशी टाकलेली मालमत्ता पुन्हा त्याच माणसाच्या उत्पन्नात मोजायचं ठरलं. मग लोकांनी कुटुंबाच्या मालमत्तेची अर्धवट वाटणी करून एकाचे तीन करदाते करायला सुरुवात केली, तर 31 डिसेंबर 1978 नंतरची अर्धवट वाटणी आयकरासाठी धरायचीच नाही असं आलं. अज्ञान मुलांची बाजू 1992 च्या बजेटने बंद केली. तेव्हापासून पैसे कुणीही दिलेले असोत, मुलाच्या नावावरचं व्याज आई-बाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात जातं (मुलाने स्वतःच्या कलागुणांवर कमावलं असेल तर नाही). दर मुलामागे जी 1,500 रुपयांची सूट तेव्हा दिली ती आकड्याने तेवढीच राहिली, आणि नव्या रिजीममध्ये तर तीही मिळत नाही.

आता आजचा हिशोब मांडू. नवरा 30 टक्क्यांच्या टप्प्यात, सेस धरून 31.2. दहा लाखांची एफडी, 7 टक्क्याने वर्षाला 70,000 व्याज, त्यावर कर 21,840.

बायकोच्या नावावर केली तर गिफ्टवर कर नाही हे खरं आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण गिफ्ट करमुक्त म्हणजे त्यावरचं व्याज करमुक्त असं नाही ना. ते 70,000 नवऱ्याच्याच रिटर्नमध्ये येणार, कर तेवढाच. पण त्या 70,000 ची बायकोने पुन्हा एफडी केली तर त्यावरचे 4,900 मात्र तिचे स्वतःचे, व्याजावरचं व्याज क्लब होत नाही.

आईच्या नावावर केली तर? आई-वडील क्लबिंगच्या यादीत नाहीत. आईला दुसरं उत्पन्न नसेल तर 70,000 वर शून्य कर, आणि हे सरळ करनियोजन आहे. फक्त पैसे खरोखर आईचे होतात. उद्या मृत्युपत्र नसेल तर त्यात भाऊ-बहिणींचाही वाटा, आणि व्याज दर वर्षी गुपचूप मुलाच्या खात्यात परत येत असेल तर ते गिफ्ट होतं का हाच प्रश्न उभा राहतो. मॅकडॉवेल प्रकरणात 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं होतं, की कायद्याच्या चौकटीतलं नियोजन चालेल पण देखाव्याचे व्यवहार नियोजनात बसत नाहीत.

तिसरा प्रकार मी जवळून पाहिलाय. एका ओळखीच्यांनी बायकोच्या नावावर ठेव केली, तिचं रिटर्न नाही, यांच्या रिटर्नमध्ये व्याज नाही, आणि विचारणा आली तेव्हा ते तिच्या माहेरचे पैसे आहेत म्हणून जुन्या तारखेचं गिफ्ट डीड करायला निघाले. मी जीव तोडून अडवलं, कारण व्याज दाखवायचं राहिलं हे कमी उत्पन्न दाखवणं, त्यावर दंड वाचलेल्या कराच्या 50 टक्के, वरच्या हिशोबात 10,920. खोटा कागद जोडला की ते चुकीची माहिती देणं, दंड 200 टक्के, म्हणजे 43,680, शिवाय कर आणि त्यावरचं व्याज वेगळं. आणि पैसे नवऱ्याच्या खात्यातून गेलेत हे बँकेच्या स्टेटमेंटवर एका ओळीत दिसतं की! वर्षात दहा लाख किंवा जास्त एफडीत गेले तर बँक तसंही कळवतेच, आयकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात बायकोच्या पॅनवर ते दिसतं.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा नवा कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण बायकोला दिलेल्या पैशाचा नियम तोच आहे. म्हणून ज्यांनी एफडी केलीच आहे त्यांनी एवढं करा, पहिल्या वर्षापासून व्याज बायकोच्या वेगळ्या बचत खात्यात घ्या आणि त्याची वेगळी एफडी करा, मूळ दहा लाखांत मिसळू देऊ नका, नाहीतर पाच वर्षांनी यातलं कुठलं व्याज तुमचं आणि कुठलं तिचं हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही काढून देता येणार नाही.