फोटोवरून कप पारखताना : आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

आम्ही चाकावर घडवलेले मातीचे कप विकतो. "दोन कप मागवले, एक वाकडा आलाय" असा मेसेज आणि सोबत एक फोटो, हे आमच्याकडे सारखं चालू असतं. बऱ्याचदा कप सरळ असतो, फोटो वाकडा असतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल आणि आमचाही.

गडबड एकाच ठिकाणी होते. कप टेबलावर असतो, आपण उभे असतो, फोन अगदी जवळ नेऊन वरून तिरका फोटो काढतो. समजा काठ फोनपासून २० सेंटिमीटरवर आहे आणि तळ २७ वर. तर तळ काठाच्या मानाने साधारण पाऊणपटच दिसणार, मग कप सरळ नळीसारखा असला तरी फोटोत खाली निमुळता दिसतो, आणि फोन जरा डावीकडे असेल तर एका बाजूला कललेलाही. दुसऱ्या कपाचा फोटो वेगळ्या अंतरावरून काढला की दोघांचे आकार जुळणारच नाहीत. हाच फोटो एक मीटरवरून काढला तर फरक १०० ला १०७ इतकाच उरतो. तेव्हा एक मीटर मागे या, दोनपट झूम करा, आणि फोन कपाच्या निम्म्या उंचीवर आणा, त्यासाठी खाली बसावं लागलं तरी बसा. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवला तर उत्तम, कारण मग फोन हलवायचा नाही, कप जागच्या जागी पाव पाव फिरवायचा आणि चार फोटो काढायचे. दुसरा कप त्याच जागी ठेवून तेच करायचं. शेवटी बरोबर वरून एक, तळाचा एक आणि आतला एक.

आता आकार बघायचा असेल तर कान मागे लपलेला फोटो घ्या, गॅलरीत एडिटमध्ये जाऊन तो आरशासारखा उलटा करा आणि मूळ फोटोशी ताडून बघा. डावी-उजवी कड जुळली की झालं. वरून काढलेल्या फोटोत काठ किंचित लंबगोल दिसू शकतो, कारण कान ओला असताना जोडतो आणि वाळताना तो भिंतीला ओढतो. खात्री करायची तर पट्टीनेच मोजा, कानाच्या दिशेने एकदा आणि आडवं एकदा. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक आम्ही चाकावरच्या कामात धरून चालतो, त्याहून जास्त असेल तो कप आम्ही पाठवतच नाही.

ग्लेझ, म्हणजे कपावरचा काचेसारखा थर, बघायचा तर फ्लॅश बंद आणि उजेड खिडकीचा, एका बाजूने. फ्रेममध्ये पांढरा कागद असू द्या, कारण फोन दर फोटोला रंग आपल्या मनाने बदलतो, दोन्ही फोटोंत कागद सारखा पांढरा दिसला तरच कपांच्या रंगांची तुलना करता येते. पांढरा डाग दिसला तर कप फिरवा, डाग खिडकीच्याच बाजूला राहिला तर ती चकाकी, कपाबरोबर फिरला तर ग्लेझमधलं काहीतरी. आमच्या मधाळ रंगाच्या ग्लेझला काठावर तपकिरी कड येते, तिथे थर पातळ होतो म्हणून, तो दोष नाही. तळाला ग्लेझ नसतं तेही मुद्दाम, नाहीतर कप भट्टीतल्या फळीलाच चिकटून बसेल.

चीर शोधायची तर तीन जागा बघा : आतल्या तळाचा मध्य, कानाचा सांधा आणि काठ. तळाच्या मध्यावरची चीर बहुतेक वेळा इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते, चाकावर तळाची माती नीट दाबली गेली नाही की वाळताना ती उघडते. खोलीत अंधार करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा, आधी एका बाजूने आणि मग समोरच्या बाजूने, दोन्ही फोटो पाठवा. ग्लेझचा उंचवटा असेल तर सावली बाजू बदलते, चीर मात्र दोन्हीकडून काळीच राहते. आधी ओल्या फडक्याने पुसा, केस किंवा धाग्यामुळे खूपदा फसगत होते.

पण मिटलेली चीर कुठल्याही फोटोत दिसत नाही, कितीही बाजूंनी काढा. त्यासाठी मडकं वाजवून घेतात तेच करायचं, कप तळहातावर मोकळा ठेवा, काठाला लाकडी चमच्याने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, त्याच जोडीतला दुसरा खणखणतोय आणि हा बद्द वाजतोय तर शंका घ्या. तरी खात्री होत नसेल तर पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा आणि सकाळी कागद ओला झालाय का बघा.

आम्ही प्रत्येक कपाचे वर सांगितलेले सातही फोटो ऑर्डर पक्की करायच्या आधी पाठवतो, वाजवून दाखवलेला आवाजासकट व्हिडिओ मागितलात तर तोही. यात एखादा दिवस जास्त जातो, पण पार्सल परत पाठवण्यापेक्षा ते परवडतं. आणि हुबेहूब जोडी हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, एकाच भट्टीतले, शेजारी ठेवून जुळवलेले कप बाजूला काढून ठेवतो, नंतर सांगितलंत तर ते आधीच दुसऱ्या कुणाकडे गेलेले असतात.