बेंच की बिनपगारी रजा? एच-१बीवर पगार कधी थांबतो आणि कधी थांबत नाही

शुक्रवारी दुपारी क्लायंटचा लॅपटॉप परत केला, बॅज जमा केला, आणि गाडीत बसेपर्यंत कन्सल्टन्सीच्या एचआरचा फोन आला. ‘प्रोजेक्ट संपलाय, पुढचा मिळेपर्यंत पेरोल थांबवावा लागेल. तुम्ही फक्त एक मेल टाका, वैयक्तिक कारणासाठी बिनपगारी रजा हवी आहे म्हणून. फॉर्मॅलिटी आहे.’ न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींत हा फोन किती जणांना आला असेल याची गणतीच नाही. बहुतेक जण तो मेल त्याच संध्याकाळी पाठवून देतात, कारण एच-१बी हा कामाचा व्हिसा कंपनीच्या हातात आहे ही भीती मनात असते.

पण त्या एका ओळीच्या मेलने एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या नावावर चढते. काम नाही म्हणून माणूस बसून आहे, हा झाला बेंच. माणसाला स्वतःलाच सुट्टी हवी आहे, ही झाली रजा. घरी बसलेल्याला दोन्ही सारखीच दिसतात: काम नाही, टाइमशीट शून्य, खात्यात पैसे नाहीत. अमेरिकेचा कायदा मात्र या दोन्हींकडे अगदी वेगळ्या नजरेने बघतो. बेंचवर पूर्ण पगार द्यावा लागतो, रजेवर बहुधा द्यावा लागत नाही.

हा नियम १९९८ साली कायद्यात आला. त्याआधी काही कंपन्या परदेशातून माणसं आणून ठेवत, प्रोजेक्ट मिळाला तर पगार देत आणि नाही मिळाला तर तसंच बसवून ठेवत. एच-१बीचा अर्ज करण्याआधी कंपनी कामगार खात्याकडे एलसीए नावाचा फॉर्म भरते. त्यात ती लिहून देते की या माणसाला अमुक ठिकाणी, अमुक कामासाठी, किमान इतका पगार देऊ. १९९८च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं की कंपनीकडे काम नसलं तरी हे वचन पाळावंच लागतं. क्लायंट मिळवणं हा कंपनीचा धंदा, आणि क्लायंट न मिळण्याचा धोकाही तिचाच. तो धोका कामगाराच्या खिशातून भरून काढता येत नाही.

यात एक गोष्ट लोकांना पटत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. मंदीत कंपनीने आपल्या अमेरिकन कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं, तर ‘सगळ्यांना एकच न्याय’ म्हणून एच-१बीवाल्यालाही तसंच बसवता येईल, असं वाटतं. तसं करता येत नाही. एच-१बीवाला सहज दुसरी नोकरी धरू शकत नाही, मधल्या काळात दुसरीकडे चार तास काम करून घर चालवू शकत नाही. त्याला बांधून ठेवणाऱ्यानेच त्याचा पगार चालू ठेवायचा, असं कायद्याचं म्हणणं आहे. नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट लायसन्सची वाट पाहत असेल किंवा त्या परीक्षेचा अभ्यास करत असेल, तरी तो बेंचच धरला जातो आणि पगार चालू राहतो.

नव्याने आलेल्यांसाठीही बेंचचा प्रश्न असतो, आणि तिथे फसगत जास्त होते. मुंबईहून विमानाने येऊन कंपनीच्या गेस्टहाऊसवर उतरायचं आणि ‘प्रोजेक्ट लागला की पेरोल सुरू’ असं ऐकत महिने काढायचे. नियम असा की कामाला हजर झाल्यापासून पगार सुरू होतो, आणि हजर होणं म्हणजे क्लायंटकडे जाणंच असं नाही. कंपनीने ट्रेनिंगला बसवलं, ओरिएंटेशनला बोलावलं, तरी सुरुवात झाली. आणि यातलं काहीच झालं नाही तरी कंपनीच्या अर्जावर देशात आल्यापासून ३० दिवसांत पगार सुरू व्हायलाच हवा. माणूस आधीपासून अमेरिकेत असेल, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरून बदलून आला असेल, तर ही मुदत त्या कंपनीत काम करायला पात्र झाल्यापासून ६० दिवसांची आहे.

आता रजा. कामाशी संबंध नसलेल्या कारणासाठी तुम्ही स्वतः, आपल्या सोयीने वेळ मागितलात, तर त्या दिवसांचा पगार द्यायला कंपनी बांधील नसते. आजारी आईजवळ राहायचं आहे, देश फिरायचा आहे, अशी कारणं यात येतात. आजारपण, अपघात, बाळंतपण यामुळे काम करताच येत नसेल तरीही तेच. कंपनीच्या स्वतःच्या योजनेत पगारी रजा असेल किंवा दुसरा एखादा कायदा ती देत असेल, तर मात्र ती इतरांसारखीच एच-१बीवाल्यालाही मिळते.

म्हणजे सगळं येऊन थांबतं एका प्रश्नावर: ही वेळ कुणाला हवी होती? मेलमध्ये ‘मी रजा मागतो’ असं लिहिलं असलं, तरी तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. चौकशी झाली तर त्या मेलच्या आधी आणि नंतर काय घडलं हेही पाहिलं जातं. प्रोजेक्ट ज्या दिवशी संपला त्याच दिवशी ‘वैयक्तिक कारण’ उपटलं का? मेलचा मजकूर एचआरनेच पाठवला होता का? आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे मार्केटिंग. तुम्ही कागदोपत्री रजेवर आहात आणि त्याच आठवड्यात कंपनीची बेंच सेल्सची टीम तुमचा रेझ्युमे व्हेंडरांना पाठवतेय, मंगळवारी इंटरव्ह्यू लावतेय, ‘कधी जॉइन होऊ शकता’ विचारतेय, तर तुम्ही कामाला उपलब्ध होता हे कंपनीच्याच मेलांतून सिद्ध होतं. म्हणून ते सगळे मेल, इंटरव्ह्यूची आमंत्रणं आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश आपल्या खासगी खात्यात जपून ठेवा. कंपनीचा लॅपटॉप कधी बंद होईल सांगता येत नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ. आकडे हिशेबासाठी सोपे धरले आहेत. नाशिकचा एक मुलगा, एडिसनमध्ये राहतो, एलसीएवर वर्षाला ९६,००० डॉलर पगार. प्रोजेक्ट शुक्रवार, १४ फेब्रुवारीला संपला आणि नवा सोमवार, १२ मे रोजी लागला. मध्ये बरोबर १२ आठवडे. एचआरच्या सांगण्यावरून त्याने पूर्ण काळाची रजा मागितली आणि १२ही आठवडे त्याला एक डॉलर मिळाला नाही. याच काळात बहिणीच्या लग्नासाठी तो १७ मार्च ते ६ एप्रिल असे तीन आठवडे नाशिकला गेला होता. ते तिकीट त्याने प्रोजेक्ट चालू असतानाच, जानेवारीत काढलेलं.

हे तीन आठवडे खरी रजा आहेत. लग्न त्याच्या घरचं, जायचं त्यानेच ठरवलेलं, प्रोजेक्ट असता तरी तो गेलाच असता. तेवढा पगार तो मागू शकत नाही. पण उरलेले नऊ आठवडे, म्हणजे जाण्याआधीचे चार आणि परतल्यावरचे पाच, तो एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये बसून इंटरव्ह्यू देत होता. तो बेंच. ९६,००० भागिले ५२ म्हणजे आठवड्याला सुमारे १,८४६ डॉलर, आणि नऊ आठवड्यांचे सुमारे १६,६१५ डॉलर कंपनी त्याचं देणं लागते. लग्नाचा भाग तो प्रामाणिकपणे वगळतो तेव्हा बाकीच्या नऊ आठवड्यांचं म्हणणं उलट भक्कम होतं.

कंपनी यावर म्हणेल, ‘प्रोजेक्ट लागला की पुढच्या पगारात ॲडजस्ट करू.’ तेही चालत नाही. पगार ठरलेल्या हप्त्यांत, निदान महिन्याला एकदा हातात पडायला हवा. याहून वाईट एक प्रकार आहे: ‘पैसे तुम्ही आम्हाला द्या, त्यातून तुमचा पेरोल चालवतो, म्हणजे पे-स्टब तयार होतील.’ असे पे-स्टब घेऊन लोक निश्चिंत होतात, याचं मला फार वाईट वाटतं. तो पगारच नव्हे, कारण पगार कामगाराच्या पूर्ण मालकीचा असावा लागतो, मागच्या दाराने परत गेलेला नाही. आणि खोटे कागद इमिग्रेशन खात्यापुढे ठेवण्याचं ओझं शेवटी कामगाराच्याही डोक्यावर येतं.

अर्धवेळ दाखवणं हाही एक मार्ग काढला जातो. अर्ज पूर्णवेळाचा असेल तर बेंचच्या काळापुरतं कंपनीने आपल्या मनानेच ‘आता आठवड्याला १० तास’ म्हणता येत नाही. त्यासाठी आधी नवा एलसीए आणि सुधारित अर्ज लागतो. अर्ज मुळातच अर्धवेळाचा असेल तर बेंचवर तेवढ्याच तासांचा पगार मिळतो.

कंपनीला बेंचचा पगार नकोच असेल तर तिच्यासमोर एक सरळ रस्ता आहे: नोकरीवरून काढणं. पण तेही पुरतं करावं लागतं. कामगाराला स्पष्ट कळवायचं, इमिग्रेशन खात्याला कळवायचं, आणि मुदतीआधी काढत असल्यामुळे मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देऊ करायचा. नुसतं तोंडी ‘तुम्हाला फेब्रुवारीतच काढलं होतं’ म्हणून नंतर हात झटकणाऱ्या कंपनीची पगाराची जबाबदारी संपलेली नसते.

काढलं गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यात नवी कंपनी शोधायची, व्हिसाचा प्रकार बदलायचा किंवा निघायचं. आय-९४, म्हणजे देशात राहायला दिलेली मुदत, त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. ‘मी बेंचवर आहे, माझे ६० दिवस सुरू झाले का?’ असं लोक सारखं विचारतात. बेंचवर नोकरी चालू असते, म्हणून ते दिवस मोजायला सुरुवात होत नाही. पण बिनपगारी बेंच लांबला की दुसरी अडचण येते. पुढची कंपनी एच-१बी आपल्याकडे घेण्यासाठी ट्रान्सफरचा अर्ज भरते तेव्हा अलीकडचे पे-स्टब मागितले जातात, आणि तीन महिन्यांची पोकळी दिसली की स्टेटस टिकलं होतं का, अशी विचारणा येते.

हे सगळं एच-१बीपुरतं आहे. एल-१वर कंपनीने पाठवलेल्यांसाठी एलसीए नसतो, त्यामुळे बेंचचा हा नियमही त्यांना लागू होत नाही. एच-४च्या परवान्यावर काम करणाऱ्या जोडीदारालाही नाही.

थकलेला पगार मागायचा तर कामगार खात्याच्या वेज अँड आवर डिव्हिजनकडे WH-4 नावाचा फॉर्म भरायचा. शेवटचं उल्लंघन झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत. सोबत एलसीएची प्रत जोडावी, ती कामाला लागताना कंपनीने द्यायचीच असते. तक्रार केली म्हणून काढणं, धमकावणं किंवा त्रास देणं कायद्याने मना आहे. पगार बुडल्यामुळे स्टेटसमध्ये खंड पडला असेल, तर त्याचा खुलासा म्हणून ही तक्रार इमिग्रेशन खात्यापुढे ठेवता येते.

त्या नाशिकच्या मुलाने १४ फेब्रुवारीला रजेच्या मेलऐवजी एवढंच लिहिलं असतं तर पुरलं असतं: ‘माझा प्रोजेक्ट आज संपला. सोमवारपासून मी कामाला उपलब्ध आहे. १७ मार्च ते ६ एप्रिल मला घरच्या लग्नासाठी रजा हवी आहे, त्याव्यतिरिक्त मी रजा मागितलेली नाही.’