फांग जी: एक नाव, दोन मुळं

"चिनी औषधाचं नाव उच्चारानुसार देवनागरीत लिहिलं की पुरे ना? एका नावाची एकच वनस्पती असणार."

नाही, आणि या समजुतीने माणसांची मूत्रपिंडं गेली आहेत. 'फांग जी' हेच घ्या. 'हान फांग जी' म्हणजे स्टेफानिया टेट्रान्ड्राचं मूळ, तर 'ग्वांग फांग जी' म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया फांगचीचं. दोन्ही वेगळ्या कुळांतली, पण बाजारात दोन्ही नुसती 'फांग जी'. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत पहिल्याऐवजी दुसरं मूळ गेलं. त्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. वाळलेल्या कापांवरून फरक ओळखणं कठीण. खात्री प्रयोगशाळेतच होते.

म्हणून मराठीत लिहिताना 'फांग जी, म्हणजे स्टेफानिया टेट्रान्ड्राचं वाळवलेलं मूळ' असं पूर्ण लिहा. मूळ मजकुरात नुसतं 'फांग जी' असेल, तर वनस्पती कोणती हे स्पष्ट नाही, असं सरळ सांगा. अंदाजाने एक निवडू नका. ओळखीचं देशी नाव तर मुळीच चिकटवू नका. आपली सापसणही अ‍ॅरिस्टोलोकियाच आहे, पण जात वेगळी.